सभेतला वेळ आणि कागदावरची जागा

हरसूलच्या आसपासच्या गावांतल्या ग्रामसभांना बसणं आणि सभा उठल्यावर तिचा एका पानाचा सारांश लिहिणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. सभेचं इतिवृत्त ग्रामसेवक लिहितात. ते प्रोसिडिंग बुकात, विषयपत्रिकेच्या क्रमाने, ठराव क्रमांक आणि सूचक-अनुमोदकांच्या नावांसह उतरतं. तो कायद्याचा कागद आहे आणि त्याचा क्रम कुणी बदलत नाही, बदलूही नये. माझं पान वेगळ्या कामासाठी असतं. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, एक आरोग्य केंद्रात जाते, एक पंचायत समितीत, आणि लांबच्या पाड्यांवर ते कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं. वाचणारा किंवा ऐकणारा माणूस सभेला नव्हता, हे धरूनच ते लिहावं लागतं.

सभेत बसताना मी वहीच्या समासात एक गोष्ट न चुकता लिहिते : कुठला विषय किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला. या सवयीमुळे एक फरक डोळ्यांसमोर स्पष्ट झाला आणि त्यावरच इथे लिहायचं आहे. विषयाला सभेत मिळालेला वेळ आणि त्या विषयाचं महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारांश लिहिणारा बहुतेक वेळा पहिली गोष्ट मोजतो आणि दुसरी मोजली असं समजतो, कारण वही उघडली की ज्या विषयावर जास्त बोललं गेलं त्याचीच पानं जास्त भरलेली असतात.

एका सभेचे आकडेच मांडते. पहिला पाऊस पडून गेल्यावर, भाताची लावणी सुरू होण्याआधी भरलेली ही विशेष ग्रामसभा होती. चालली सुमारे पावणेतीन तास. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायला दहा मिनिटं गेली. घरकुलाच्या ‘ड’ यादीवर एक तास वीस मिनिटं. काँक्रीटचा रस्ता कोणत्या पाड्यापासून सुरू करायचा यावर पाऊण तास. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या खर्चाचं वाचन पंधरा मिनिटांत उरकलं. आलेल्या पत्रव्यवहाराचं वाचन आठ मिनिटांत, आणि आयत्या वेळचे विषय पाचेक मिनिटांत.

या शेवटच्या पाच मिनिटांत दाराजवळ बसलेल्या आशाताई उठून म्हणाल्या, “खालच्या विहिरीचं पाणी गढूळ झालंय, पावडर संपलीय, अन् तीन घरांत जुलाब लागलेत.” सरपंच म्हणाल्या, “भाऊसाहेब, पावडर मागवून घ्या.” ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मान हलवली. पुढचा माणूस स्मशानभूमीकडच्या वाटेबद्दल बोलायला लागला. या सगळ्याला एक मिनिटही लागलं नसेल.

त्याआधी, पत्रव्यवहाराच्या आठ मिनिटांत, भाऊसाहेबांनी एका दमात वाचलेल्या सात-आठ पत्रांमध्ये आणखी एक ओळ होती. उपविभागीय समितीने तीन वनहक्क दावे नामंजूर केले आहेत, संबंधितांनी आपापली पत्रं घेऊन जावीत. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

वेळेच्या हिशोबाने सारांश लिहिला असता, तर अर्ध्या पानावर ‘ड’ यादी आली असती, पाव पानाहून जास्त जागा रस्त्याने घेतली असती, आणि विहिरीला तळाशी ‘इतर विषयांवर चर्चा झाली’ या ओळीत जागा मिळाली असती. नामंजूर दावे ‘पत्रव्यवहार वाचून दाखवण्यात आला’ या चार शब्दांत बुडाले असते. आणि असा सारांश खोटाही ठरला नसता. त्यातलं प्रत्येक वाक्य सभेत घडलेलंच असतं. चुकीचा झाला असता तो केवळ वजनाचा वाटा.

हे का होतं, याचा विचार करताना सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘पार्किन्सन्स लॉ’ या पुस्तकात एक काल्पनिक समिती आहे. अणुभट्टीच्या प्रचंड खर्चाला ती काही मिनिटांत मंजुरी देते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास वाद घालते. अणुभट्टी कुणाला कळत नाही म्हणून सगळे गप्प बसतात, शेड सगळ्यांना कळते म्हणून सगळे बोलतात, असा त्यांचा मुद्दा. तो खरा आहे. आमच्याकडेही वित्त आयोगाच्या खर्चाचे आकडे शांतपणे ऐकले जातात आणि रस्त्याच्या वळणावर आवाज चढतात.

पण ग्रामसभेत बसणाऱ्याला हे उत्तर पुरत नाही. ‘ड’ यादीवरचा एक तास वीस मिनिटं हा काही सायकल-शेडचा वाद नव्हता. कुडाच्या भिंतींच्या घरात राहणाऱ्या माणसाचं नाव यादीत वर आहे की खाली, यावर त्याचे पुढचे कितीतरी पावसाळे ठरतात. तो बोलणारच, आणि त्याने बोलायलाच हवं. तिथे वेळ लागतो कारण मिळणारी घरं थोडी असतात, मागणारी घरं जास्त असतात, आणि एकाचं नाव वर सरकलं की दुसऱ्याचं खाली येतं. प्रत्येकाची बाजू वेगळी, म्हणून प्रत्येकाचं बोलणंही वेगळं.

विहिरीबद्दल मात्र दोन बाजू नव्हत्याच. पावडर टाकू नका असं म्हणणारा माणूस सभेत नव्हता. तिला खर्चही नगण्य होता. साधा हिशोब बघा. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि आत दोन मीटर पाणी असेल, तर पाणी भरतं साधारण चौदा हजार लिटर. नेहमीच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे या विहिरीला पस्तीस ग्रॅमच्या आसपास. मूठभर पावडर. जुलाबाची साथ असेल तर आरोग्य कर्मचारी मात्रा वाढवून देतात, तरी ती मुठींतच मोजावी लागते. इतक्या स्वस्त आणि निर्विवाद गोष्टीवर सभा बोलणार तरी काय? वाद नाही म्हणून बोलणं नाही, बोलणं नाही म्हणून वहीत एकच ओळ. सभेतला वेळ मुख्यतः मतभेद मोजतो. ज्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे पण जी अजून कुणी केलेली नाही, तिला तो जवळजवळ काहीच देत नाही.

वनहक्काच्या पत्रांवर शांतता होती तिचं कारण आणखी वेगळं. नामंजुरीनंतर काय करायचं असतं, हे बसलेल्यांपैकी थोड्याच लोकांना माहीत होतं, आणि ज्या तिघांची पत्रं होती त्यातला एक त्या दिवशी सभेलाच नव्हता. तो नाशिकला बांधकामावर गेलेला होता. हरसूल पट्ट्यातल्या घरांमधून वर्षातले कितीतरी महिने माणसं कामाला बाहेर असतात, बांधकामावर, द्राक्षांच्या बागांत, वीटभट्ट्यांवर. जो सभेत नाही त्याला बोलायला शून्य मिनिटं मिळतात. त्याचा प्रश्न मात्र शून्य झालेला नसतो.

तिसरं कारण म्हणजे कोण बोलतं. आशाताई दाराजवळ बसल्या होत्या आणि बाकीच्या बायाही बहुतेक तिथेच. पुढच्या सतरंजीवर बसणारे पुरुष एकमेकांना नावाने हाक मारून बोलायला लावतात, मागच्यांना कुणी हाक मारत नाही. कायद्याला हे ठाऊक आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते ती त्याचसाठी, आणि वनहक्काच्या ग्रामसभेत गणपूर्तीसाठी उपस्थितांमध्ये एक तृतीयांश महिला हव्यात ही अट 2012च्या सुधारित नियमांत आहे. पण गणपूर्ती डोकी मोजते. कोण किती वेळ बोललं, हे कुठलंही रजिस्टर मोजत नाही. एक मिनिट मिळालेल्या बाईचं वाक्य सारांशातही एका मिनिटाएवढंच ठेवलं, तर सभेतली बैठकव्यवस्थाच आपण कागदावर उतरवून ठेवतो.

मग महत्त्व मोजायचं कशाने? मी प्रत्येक विषयाला तीन प्रश्न विचारते. सभा उठल्यावर याबाबत काहीच केलं नाही, तर काय होईल आणि किती लवकर होईल? झालेलं नुकसान नंतर भरून काढता येईल का? आणि हे करायचं काम नेमकं कुणाकडे गेलं?

रस्त्याचा विषय या प्रश्नांतून काढून पाहिला. पुढचा आठवडाभर कुणी काही केलं नाही, तर काही बिघडणार नव्हतं. पावसात काँक्रीटचं काम तसंही सुरू होत नाही. ‘ड’ यादीत काही केलं नाही तर हरकती तशाच राहतील, पण पुढच्या सभेत त्या घेता येतील. नामंजूर दाव्यांचं तसं नव्हतं. उपविभागीय समितीच्या निर्णयाच्या तारखेपासून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागावी लागते. ती मुदत एकदा सरली की उशीर का झाला हे पटवून देण्याची वेळ येते, आणि कसलेल्या जमिनीवरचा हक्क त्यावर अवलंबून असतो. विहिरीचा तर दिवसांचाच प्रश्न होता. पहिल्या पावसात उतारावरची घाण पाण्याबरोबर विहिरीत येते. एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या तीन घरांत एकाच वेळी जुलाब लागणं हा योगायोग समजून चालत नाही, आणि त्या विहिरीवर दुसऱ्या दिवशी सकाळीही हंडे लागणारच होते.

तेव्हा क्रम ठरला : आधी विहीर, मग दाव्यांची मुदत, मग ‘ड’ यादी, मग रस्ता. घड्याळाच्या जवळजवळ उलटा. पण प्रत्येक सभेत तो असाच उलटा निघतो असं नाही. कमी बोललं गेलं म्हणून विषय महत्त्वाचा, असा नियम केला तर तीही तितकीच आंधळी मोजणी होईल. त्याच आयत्या वेळच्या पाच मिनिटांत स्मशानभूमीच्या वाटेचा विषय निघाला होता, आणि तो तळाशीच राहिला. तिथल्या मोरीचं काम आधीच मंजूर होतं आणि पावसानंतर सुरू व्हायचं होतं.

आता खरी अडचण येते, आणि या कामातली मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटलेली गोष्टही इथेच आहे. ज्या विषयावर तासभर बोललं जातं, त्याचा तपशील सभा आपणच पुरवते. कुणाचं नाव, कुठली जागा, कधीची तारीख, सगळं वादात चार-चारदा येऊन जातं. ज्या विषयाला एक मिनिट मिळतं, त्याचं एकच वाक्य हातात राहतं, आणि त्यात अर्धी माहिती नसते. ‘खालची विहीर’ म्हणजे त्या गावात दोन विहिरी होत्या. ‘तीन घरांत’ म्हणजे किती माणसं, कधीपासून, त्यात लहान मूल आहे का, हे सांगितलेलं नव्हतं. ‘पावडर मागवून घ्या’ म्हणजे कुठून, कोण आणणार, कधी, हेही नव्हतं. अशी अर्धी ओळ पानाच्या माथ्यावर ठेवली तर वाचणाऱ्याला घाबरायला होईल, पण करायचं काय ते कळणार नाही.

म्हणून सभा मोडल्या मोडल्या माझी विचारपूस सुरू होते, आणि ती थोडक्यात आटोपलेल्या विषयांचीच असते. लोक चपला घालत असतात, तेवढ्यात मी आशाताईंना गाठलं. कळलं की विहीर ओहोळाकाठची, आजारी माणसं पाच, त्यातलं एक दोन वर्षांचं पोर, पहिलं माणूस आजारी पडून चार दिवस झालेले. पोराला ओआरएस सुरू केलं होतं. जलसुरक्षक दादा बाहेर उभे होते. ते म्हणाले, पोत्याच्या तळाशी थोडी पावडर आहे, पण पोतं उघडंच राहिलेलं आणि माल दमट झालेला. तोंड उघडं राहिलेल्या टीसीएलमधला क्लोरीन उडत जातो. पांढरा चुरा दिसतो पण ताकद उरत नाही. तेव्हा ‘साठा संपला’ यापेक्षा ‘असलेला साठा भरवशाचा नाही’ हे जास्त खरं होतं. ताजी पावडर आरोग्य केंद्रातून त्याच संध्याकाळी मिळू शकते, हे आशाताईंनीच फोन करून पक्कं केलं.

दादांशी आणखी एका गोष्टीवर बोलणं झालं. गढूळ पाण्यात टाकलेल्या पावडरीतला बराच क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो. त्यामुळे नेहमीचा हिशोब करून पावडर टाकली आणि काम झालं, असं होत नाही. बादलीत पावडर कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळायचं, तासभर थांबायचं आणि मग ओटी चाचणी घ्यायची. चाचणीच्या नळीतल्या पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर मात्रा कमी पडली. सारांशात ही सगळी रीत लिहायची गरज नव्हती, दादांना ती येते. पण ‘पावडर टाकली’ इथे न थांबता ‘ओटी चाचणीत पिवळा रंग आला’ इथपर्यंत काम पूर्ण समजायचं, हे या बोलण्यामुळे लिहिता आलं.

इथे एक सावधगिरी सोडून चालत नाही. पानावर विषय वर नेणं आणि त्याला सभेने न दिलेला दर्जा देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीबद्दल ठराव झालेला नव्हता. सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता, चर्चाही नव्हती. ‘ग्रामसभेने विहिरीच्या शुद्धीकरणाचा निर्णय घेतला’ असं लिहिलं असतं, तर हेतू कितीही चांगला असला तरी ते खोटं ठरलं असतं, आणि उद्या कुणी इतिवृत्ताशी ताडून पाहिलं तर पूर्ण पानावरचाच विश्वास गेला असता. म्हणून पहिली नोंद मी अशी लिहिली :

“तातडीचे. (ठराव नाही, आयत्या वेळची सूचना.) ओहोळाकाठच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या तीन घरांत जुलाब. विहिरीचे पाणी गढूळ, टीसीएल पडलेली नाही. आशाताईंनी सांगितले, सभेत चर्चा झाली नाही, सरपंचांनी पावडर मागवण्यास सांगितले. सभेनंतर विचारून मिळालेली माहिती : रुग्ण पाच, एक बालक, जुनी पावडर उघडी राहिल्याने भरवशाची नाही. काम : जलसुरक्षक, आरोग्य केंद्रातून पावडर आणून उद्या सकाळी पाणी भरण्याआधी. ओटी चाचणीत पिवळा रंग आला की काम पूर्ण. तोवर पाणी उकळून प्यावे.”

सभेत बोललं गेलेलं आणि नंतर विचारून मिळालेलं, या दोहोंच्या मधली रेघ त्यात स्पष्ट आहे. पाणी उकळण्याची ओळ आशाताईंच्या सांगण्यावरून आली. ज्यांच्या घरी हे पान वाचलं जाणार होतं, त्यांना त्या रात्री स्वतःच्या हाताने करता येण्यासारखं तेवढंच होतं.

दुसरी नोंद दाव्यांची : “मुदतीचे. तीन वनहक्क दावे उपविभागीय समितीकडून नामंजूर. पत्रे ग्रामपंचायतीत आली आहेत. सभेत वाचन झाले, चर्चा नाही. पत्र हाती घेताना मिळाल्याची तारीख टाकून घ्यावी. निर्णयाच्या तारखेपासून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. एक दावेदार गावाबाहेर. वनहक्क समितीच्या अध्यक्षांनी निरोप पोहोचवायचा.” शेवटचं वाक्य लिहिण्याआधी मी अध्यक्ष काकांना विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. काम कुणाच्या नावावर टाकायचं तर त्याच्या तोंडचा होकार आधी हवा. दावेदारांची नावं मी फळ्यावरच्या पानात घातली नाहीत. ज्याचं पत्र त्याला कळलं की पुरे.

मग आली ‘ड’ यादी. एक तास वीस मिनिटं, वहीची सहा पानं. ती सहा पानं मी पुन्हा वाचली आणि एकेका बोलण्यापुढे खूण केली : ही नवी माहिती, ही आधीच्याचीच पुनरुक्ती, ही तक्रार, हा प्रस्ताव. निम्म्याहून जास्त खुणा पुनरुक्तीच्या निघाल्या. एकच हरकत पाच जणांनी पाच तऱ्हांनी मांडलेली होती. उरलेल्यातून तीन गोष्टी हाती आल्या. यादी वाचली गेली. पक्कं घर असलेली तीन कुटुंबं यादीत आहेत अशी हरकत आली आणि त्यांची फेरपडताळणी करायचं ठरलं. एका पाड्याची नावं सर्वेक्षणाच्या वेळी माणसं बाहेर असल्यामुळे राहून गेली, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं, आणि त्यावर काहीच ठरलं नाही.

ही तिसरी गोष्ट लिहिताना वेळेचा खरा उपयोग झाला. पुनरुक्ती गाळली म्हणून त्यामागचा ताण गाळायचा नसतो. पाच माणसं तीच हरकत पुन्हा पुन्हा घेतात तेव्हा नवी माहिती मिळत नाही, पण पहिल्यांदा सांगितलं ते ऐकलं गेलं नाही असं त्यांना वाटतंय, हे कळतं. इतिवृत्तात अशा विषयापुढे ‘सर्वानुमते’ हा शब्द फार सहज पडतो. माझ्या पानात मी लिहिलं : “या मुद्द्यावर सभेत एकमत झाले नाही, संबंधित पाड्याचे लोक समाधानी नाहीत, विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी त्यांची मागणी.” दोन ओळी. एवढ्या लांबलेल्या वादातून वाचणाऱ्याला जे कळायला हवं ते एवढंच होतं, पण ते गाळून चाललं नसतं. लांबलेली चर्चा सारांशात लांब लिहायची नसते. ती का लांबली, हे लिहायचं असतं.

रस्त्याला एक ओळ मिळाली : दोन पाड्यांत मतभेद, निर्णय पुढे ढकलला, काम पावसाळ्यानंतर. खर्चाच्या वाचनाला एक ओळ : वाचन झालं, प्रश्न आले नाहीत, हिशोबाचा तक्ता फळ्यावर लावला आहे. प्रश्न आले नाहीत हे मी मुद्दाम लिहिते. प्रश्न नसणं म्हणजे संमती, असा अर्थ कागदावर आपोआप चिकटतो. आकडे फळ्यावर आहेत हे कळलं, तर ज्याला सभेत विचारता आलं नाही तो नंतर तरी विचारू शकतो.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो एका सभासदाने मला तोंडावर विचारला : “आम्ही तासभर ज्यावर बोललो ते खाली, अन् कुणी एक वाक्य बोललं ते वर. हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?” प्रश्न बरोबर आहे. क्रम लावणं ही सत्ता आहे, आणि सभेला न विचारता ती वापरली तर सारांश लिहिणारीच सभेच्या वर जाऊन बसते. त्याला माझ्याकडे उत्तर म्हणून तीन गोष्टी आहेत. कायद्याच्या वहीत क्रम विषयपत्रिकेचाच राहतो. माझ्या पानात विषय वर नेला तर त्यामागचं कारण त्याच ओळीत असतं, ‘तातडीचे’ किंवा ‘मुदतीचे’, म्हणजे कुणालाही ते पटलं नाही तर कारणावर बोट ठेवता येतं. आणि आता मी सभा उठण्याआधी पाच मिनिटं मागून घेते आणि वरच्या दोन-तीन नोंदी मोठ्याने वाचून दाखवते.

या वाचनाने फरक पडतो. सभेत एक मिनिट मिळालेला विषय शेवटी पुन्हा सगळ्यांच्या कानावर जातो, आणि मग लोक त्यात भर घालतात. ‘आमच्याकडेपण एक आजारी आहे’ हे वाक्य बहुतेकदा या वाचनानंतर येतं. कधी उलटंही होतं. मी वर घेतलेल्या गोष्टीवर कुणी सांगतं, ताई, ते काम कालच झालं. मग ती नोंद जिथल्या तिथे खाली येते. सभेला क्रम मान्य नसेल तर तो तिथेच बदलतो, आणि मी पान सभेच्या क्रमानेच लिहिते.

सारांश नीट लिहिला गेला की नाही, हे त्या दिवशी कळत नाही. ते पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचताना कळतं. तेव्हा मी माझं पान शेजारी ठेवते आणि प्रत्येक नोंदीपुढे खूण करते : झालं, नाही झालं, गरजच नव्हती. वरच्या नोंदींपुढे ‘गरजच नव्हती’ जास्त निघाल्या तर मी उगाच तातडी लावते आहे. खालच्या नोंदींतून एखादी गोष्ट दरम्यान मोठी होऊन आली असेल, तर तीन प्रश्नांपैकी कुठला मी विचारला नाही ते शोधते. विहिरीच्या नोंदीपुढे पुढच्या सभेत ‘झालं’ अशी खूण पडली. ताज्या पावडरीनंतर चाचणीत पिवळा रंग आला होता, आणि त्या पाड्यावर नवा रुग्ण आढळला नव्हता. तीन दाव्यांपैकी दोघांची अपिलं दाखल झाली होती. तिसऱ्याला निरोप मिळाला होता, पण तो अजून पत्र घ्यायला आलेला नव्हता. त्याची नोंद त्या सभेच्या पानावरही वरच ठेवावी लागली, आणि सभेत तिच्यावर या वेळीही कुणी बोललं नव्हतं.